बंद पडलेला हीटर आणि घरमालकाला लिहायचं पत्र

भाड्याच्या घराबद्दलच्या या व्याख्यानात आज आम्ही फक्त एका पत्राबद्दल बोलणार आहोत. ऐन थंडीत खोलीतला हीटर बंद पडला आहे, तो दुरुस्त करून द्या, एवढंच सांगणारं पत्र. प्रसंग इंग्लंडमधला घेतला आहे, कारण आपल्याकडची बरीच मुलं-मुली तिकडे शिकायला आणि नोकरीला जातात, सप्टेंबरात घर भाड्याने घेतात आणि जानेवारीत पहिल्यांदा त्यांना कळतं की हीटर ही चैनीची वस्तू नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत एक जादा गोधडी घेतली की भागतं. लीड्स किंवा न्यूकॅसलमध्ये आठवडाभर बाहेर दोन-तीन अंश असतात, घराच्या भिंती गार पडतात, त्या भिंतींवर पाणी साचतं आणि मग बुरशी येते. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला हे चांगलंच महागात पडतं.

अशा वेळी आपली मुलं बहुतेकदा काय करतात? घरमालकाला किंवा एजंटला फोनवर एक ओळ पाठवतात. "सर, हीटर चालत नाही, खूप थंडी आहे, प्लीज काहीतरी करा." उत्तर येतं, "बघतो." आठ दिवस जातात. पुन्हा एक ओळ, पुन्हा "बघतो". या सगळ्यात खोटं कोणीच बोललेलं नसतं. पण त्या एका ओळीत काय बिघडलं, कधीपासून, कुठल्या खोलीत, दुरुस्तीला माणूस कधी येऊ शकतो, यातलं काहीच नसतं. समोरच्याला हालचाल करायला धरायचं असं काही हाती लागत नाही.

पत्राच्या तारखेला एवढं महत्त्व का

इंग्लंडमध्ये १९८५ सालचा लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट नावाचा कायदा आहे. त्याचं अकरावं कलम आपल्या कामाचं. सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकराराला ते लागू होतं, म्हणजे आपली मुलं जे करार करतात ते जवळपास सगळे त्यात येतात. हे कलम सांगतं की घरात खोली गरम करण्यासाठी आणि पाणी गरम करण्यासाठी जी यंत्रणा बसवलेली आहे, ती दुरुस्त आणि चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. करारात कुठेतरी बारीक अक्षरात "हीटरची दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं लिहिलेलं असलं, तरी बाराव्या कलमाने तशा अटीला अर्थ उरत नाही. न्यायालयाच्या परवानगीशिवाय घरमालकाला ही जबाबदारी अंगावरून झटकता येत नाही.

आता खरी मेख इथे आहे. घराच्या आतल्या बिघाडाबद्दल ही जबाबदारी सुरू होते ती बिघाड घरमालकाला कळल्यापासून. इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, १९७३ साली ओब्रायन विरुद्ध रॉबिन्सन या खटल्यात हे पक्कं केलं. ते घर भाडेकरूच्या ताब्यात आहे, घरमालक आत राहत नाही, मग त्याला कळणार कसं? सांगितल्यावरच. म्हणून हीटर एक तारखेला बंद पडला आणि आपण वीस तारखेला कळवलं, तर त्या एकोणीस दिवसांच्या थंडीचा जाब घरमालकाला विचारता येत नाही. घड्याळ वीस तारखेपासून चालू झालं.

कळवणं तोंडी असलं तरी ते कळवणंच. पण पुढे वाद झाला की तोंडी बोलणं सिद्ध कसं करणार? "मला तर त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं" असं समोरच्याने म्हटलं की आपल्या हातात काय आहे? म्हणून पत्र हवं. ईमेल असला तरी चालतो, त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. फोनवरच्या संदेशालाही किंमत आहे, पण फोन हरवतो, संदेश पुसले जातात, म्हणून त्याच दिवशी तोच मजकूर ईमेलनेही पाठवावा.

पत्र कोणाला लिहायचं, हा पुढचा प्रश्न. बऱ्याच घरांचा कारभार एजंट बघतो आणि घरमालकाचं तोंडही भाडेकरूने पाहिलेलं नसतं. दुरुस्तीची कामं एजंट बघत असेल, तर त्याला लिहावं आणि घरमालकाचा पत्ता माहीत असेल तर एक प्रत त्यालाही. घरमालकाने भाडेकरूला इंग्लंड किंवा वेल्समधला एक पत्ता द्यावाच लागतो, जिथे अशा सूचना पाठवता येतील. तो बहुधा करारातच असतो. घरमालकाचं नाव-पत्ता ठाऊकच नसेल, तर भाडं गोळा करणाऱ्याकडे लेखी विचारायचं. त्याला एकवीस दिवसांत ते सांगावं लागतं.

लिहिण्याआधी: बिघाड आहे की सेटिंग?

पत्र लिहायला बसण्याआधी एक काम करायचं असतं, आणि आमच्या मते अर्धं पत्र तिथेच लिहून होतं. हीटर खरंच बिघडला आहे का, याची खात्री. कारण दुरुस्तीचा माणूस आला, त्याने एक बटण फिरवलं आणि हीटर चालू झाला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीला वजन उरत नाही. काही ठिकाणी त्या फेरीचं बिलही भाडेकरूच्या नावावर टाकण्याचा प्रयत्न होतो.

आपण एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. समजा, लीड्समध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे. गॅस नाही, सगळं विजेवर. आपल्याकडची एक विद्यार्थिनी तिथे राहते. बाहेरच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीत एक असे दोन स्टोरेज हीटर भिंतीला बसवलेले आहेत. ८ जानेवारीला सकाळी तिच्या लक्षात येतं की झोपायच्या खोलीतला हीटर थंडगार आहे.

स्टोरेज हीटर आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसतो, म्हणून तो कसा चालतो ते आधी सांगतो. त्याच्या पोटात जड विटा असतात. रात्री वीज स्वस्त दराने मिळते, साधारण सात तास, तेव्हा या विटा तापवल्या जातात. दिवसभर त्या हळूहळू उष्णता सोडतात. आपल्याकडे चुलीवर तापलेला तवा उतरवून ठेवला तरी बराच वेळ गरम राहतो, तसाच हा प्रकार. जुन्या साध्या स्टोरेज हीटरवर दोन गोल बटणं असतात. इनपुटचं बटण ठरवतं की रात्री किती उष्णता साठवायची. आउटपुटचं बटण ठरवतं की ती किती वेगाने बाहेर सोडायची. संध्याकाळी बटण फिरवलं आणि लगेच गरम झालं, असं इथे होत नाही. आज फिरवलेल्या इनपुटचा परिणाम उद्या सकाळी दिसतो.

त्यामुळे तपासणीही रात्र धरून करावी लागते. संध्याकाळी इनपुट पूर्ण वर, आउटपुट पूर्ण खाली. हीटरशेजारी भिंतीवर त्याचा वेगळा स्विच असतो, तो चालू आहे ना ते बघायचं. मेन बोर्डावर त्या हीटरचा एमसीबी पडलेला नाही ना ते बघायचं. पडलेला असेल तर एकदाच वर करायचा. पुन्हा पडला तर तसाच ठेवायचा आणि पत्रात लिहायचं. तो पुन्हापुन्हा वर ढकलत बसणं धोक्याचं आहे. आणि हीटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. मग सकाळी सहा-सात वाजता हीटरला हात लावून बघायचा.

इथे तीन गोष्टी दिसू शकतात. पहिली, हीटर सकाळी गरम आहे, पण संध्याकाळपर्यंत गार पडतो. हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. आउटपुट रात्रभर उघडं राहिलं, तर साठवलेली उष्णता आपण झोपेत असतानाच निघून जाते. दुसरी, घरातले दोन्ही हीटर सकाळी गार आहेत. मग दोन्ही हीटर एकाच दिवशी बिघडण्यापेक्षा रात्रीची वीजच त्यांच्यापर्यंत पोहोचत नसण्याची शक्यता जास्त. तो मीटरचा किंवा वेळ बदलणाऱ्या स्विचचा प्रश्न असतो. इंग्लंडमध्ये काही जुने मीटर रेडिओवरच्या संदेशाने रात्रीचा दर चालू-बंद करत. ती सेवा २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. असं असेल तर पहिला फोन वीज कंपनीला, घरमालकाला नंतर. तिसरी गोष्ट, एक हीटर गरम आणि दुसरा दोन रात्रींनंतरही दगडासारखा थंड. मग बिघाड त्या हीटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे आणि ते घरमालकाचं काम आहे.

आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी ८ आणि ९ जानेवारीच्या रात्री ही तपासणी करते. बाहेरच्या खोलीतला हीटर रोज सकाळी गरम, झोपायच्या खोलीतला थंड. स्विच चालू, एमसीबी वर. म्हणजे तिसरा प्रकार.

आणखी एक गोष्ट ती करते. बाजारातून साधं डिजिटल थर्मामीटर आणते आणि सकाळी सातला व रात्री दहाला खोलीतलं तापमान वहीत लिहून ठेवते. सकाळी १२ अंश, रात्री १४. हे आकडे का? "खूप थंडी आहे" या वाक्याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा लागतो. भारतातून आलेल्या मुलीला थंडी जास्तच वाजणार, असंही कोणी म्हणू शकतं. १२ अंशावर वाद घालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंड हवामानातल्या घरांसाठी आतलं तापमान किमान १८ अंश असावं असं म्हटलं आहे. बारा आणि अठरा यांतलं अंतर कोणालाही कळतं.

इथे एक खुलासा केला पाहिजे. न्यूयॉर्क शहरात तापमानाचा आकडा नियमातच लिहिलेला आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २० सेल्सिअस, राखणं तिथल्या घरमालकावर बंधनकारक आहे. इंग्लंडच्या अकराव्या कलमात असा आकडा नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की बसवलेली यंत्रणा चालते की नाही. म्हणून पत्रात मुख्य मुद्दा "हीटर चालत नाही" हा असावा, आणि तापमान हे त्याच्या परिणामाचा पुरावा म्हणून यावं.

पत्र

आता प्रत्यक्ष पत्र. हे अर्थात इंग्रजीत पाठवायचं आहे, पण त्यात काय आणि कुठल्या क्रमाने यावं ते कळावं म्हणून आम्ही ते मराठीत मांडतो.

"विषय: झोपायच्या खोलीतला हीटर बंद, दुरुस्तीची विनंती. (पुढे घराचा पूर्ण पत्ता.) तारीख: १० जानेवारी.

महोदय,

वरील पत्त्यावरच्या घरात मी भाडेकरू आहे. झोपायच्या खोलीत भिंतीला बसवलेला स्टोरेज हीटर ८ जानेवारीपासून बंद आहे. बाहेरच्या खोलीतला हीटर व्यवस्थित चालतो, त्यामुळे रात्रीचा वीजपुरवठा सुरू आहे असे दिसते.

मी सलग दोन रात्री इनपुट पूर्ण वर ठेवून पाहिले. भिंतीवरचा स्विच चालू आहे आणि बोर्डावरचा एमसीबी पडलेला नाही. तरीही हीटर अजिबात तापत नाही. मी तो उघडलेला नाही.

खोलीत गरम करण्याची दुसरी कोणतीही सोय नाही. ९ आणि १० जानेवारीला सकाळी ७ वाजता खोलीचे तापमान १२ अंश होते. मला दम्याचा त्रास असून या थंडीत तो वाढला आहे. खिडकीलगतच्या भिंतीवर ओल दिसू लागली आहे, तिचा फोटो सोबत जोडला आहे.

लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८५ च्या अकराव्या कलमानुसार ही दुरुस्ती आपल्याकडे येते. कृपया योग्य इलेक्ट्रिशियन पाठवून हीटर दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी १ नंतर मी घरी असते. इतर दिवशी आदल्या दिवशी कळवल्यास व्यवस्था करीन.

माणूस कधी येईल ते कृपया १४ जानेवारीपर्यंत लेखी कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत वापरण्यासाठी एक तात्पुरता हीटर द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
(नाव, फोन)"

बस, एवढंच. एका पानाच्या आत. आता यातली काही वाक्यं का आहेत ते बघू.

"दुसरा हीटर चालतो" आणि "मी दोन रात्री तपासलं" ही वाक्यं समोरच्याचे दोन नेहमीचे प्रश्न आधीच संपवतात. "सेटिंग बघितलंत का?" आणि "मीटरचा प्रश्न असेल" असं उत्तर पाठवून चार दिवस ढकलायची सोय उरत नाही. इलेक्ट्रिशियनलाही कळतं की हा एका हीटरचा बिघाड आहे, आणि तो त्या तयारीने येतो.

दम्याचा उल्लेख दया यावी म्हणून नाही. घाई का आहे ते त्यातून कळतं. कलमात दुरुस्तीला दिवसांची मुदत दिलेली नाही. "वाजवी वेळेत" व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. वाजवी म्हणजे किती, हे परिस्थितीवर ठरतं. जुलैत बंद पडलेल्या हीटरला तीन आठवडे चालतील. जानेवारीत, दुसरी सोय नसताना, आजारी माणूस राहत असताना, तेच तीन आठवडे वाजवी ठरणं अवघड आहे. पण हे सगळं घरमालकाला माहीत असायला हवं ना? म्हणून ते पत्रात. अर्थात त्रास असेल तरच लिहायचं. नसलेला आजार लिहिला आणि उद्या डॉक्टरचा कागद मागितला, तर खरी तक्रारही खोटी वाटू लागते.

घरी असण्याच्या वेळा का? त्याच कलमात घरमालकाला घराची स्थिती बघायला यायचा हक्कही दिला आहे. त्याने चोवीस तास आधी लेखी कळवून वाजवी वेळेला यावं, असं आहे. उशीर झाला की "भाडेकरू दार उघडायला घरी नसते" हे कारण फार वेळा पुढे येतं. वेळा आपणच लिहून दिल्या की ते कारण राहत नाही. माणूस येऊन गेला की तारीख, वेळ आणि त्याने काय सांगितलं, ते वहीत लिहावं.

आणि कायद्याचं एकच वाक्य. आपल्याकडे पत्र लिहिताना एक तर हात जोडले जातात, नाही तर एकदम कोर्टाची धमकी येते. दोन्हीचा उपयोग होत नाही. कलमाचं नाव एकदा, शांतपणे. वाचणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्याला माहीत आहे.

पत्राचं उत्तर आलं नाही तर

१४ तारीख उलटली आणि उत्तर नाही. मग दुसरं पत्र, पहिल्याची प्रत जोडून. त्यात नवीन दोनच गोष्टी: मधल्या दिवसांची तापमानं, आणि आता आपण स्थानिक कौन्सिलच्या घरविभागाकडे जाणार आहोत ही सूचना. आणखी चार-पाच दिवस थांबायचं आणि खरंच जायचं.

कौन्सिल काय करते? २००४ च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे घरातल्या धोक्यांचं मोजमाप करायची एक पद्धत आहे. त्यात २९ प्रकारचे धोके धरले आहेत आणि अतिथंडी हा त्यातला एक. अधिकारी घर बघून धोका किती गंभीर ते ठरवतात. तो पहिल्या वर्गातला ठरला, तर कारवाई करणं कौन्सिलवर बंधनकारक असतं. त्यात घरमालकाला सुधारणेची नोटीस देण्याचाही मार्ग आहे. तिथे जाताना दोन्ही पत्रं, तापमानाची वही आणि फोटो न्यावेत. अधिकारी पहिला प्रश्न विचारतात, "घरमालकाला कधी कळवलं?" त्याचं उत्तर आपल्याकडे तारखेसह आहे.

मुलं आम्हाला हमखास विचारतात, "मग भाडंच थांबवलं तर?" आमचं उत्तर स्पष्ट आहे, थांबवू नका. हीटर बंद असणं आणि भाडं थकणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी होतात. भाडं थकलं की घर खाली करून मागायला घरमालकाच्या हाती आयतं कारण येतं आणि मूळ तक्रार बाजूला पडते. स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करण्याची वाट इंग्लंडच्या कायद्यात आहे, पण तिच्या पायऱ्या काटेकोर आहेत. आधी लेखी सूचना, खर्चाचे अंदाज, ते घरमालकाला पाठवणं, पुन्हा मुदत. सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा शेल्टरसारख्या संस्थेचा मोफत सल्ला घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी भीती असते, "तक्रार केली तर घराबाहेर काढतील." ही भीती अगदीच पोकळ नव्हती. इंग्लंडमध्ये कारण न देता घर खाली करायला सांगणारी एकविसाव्या कलमाची नोटीस होती. २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने ती खासगी भाडेकरूंसाठी रद्द ठरवली, १ मे २०२६ पासून. आता घर मागायला कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं, आणि हीटरची तक्रार हे त्यातलं कारण नाही.

आता पैशाचा हिशेब. समजा, विद्यार्थिनीने स्वतः दोन किलोवॉटचा प्लगचा हीटर आणला आणि तो रोज चार तास पूर्ण ताकदीने चालवला. रोजचे आठ युनिट झाले, दहा दिवसांत ऐंशी. ही वीज दिवसाच्या महाग दराची. पण ऐंशी युनिटचं पूर्ण बिल मागितलं तर मागणी टिकत नाही. स्टोरेज हीटर चालू असता तर त्यानेही रात्रीच्या दराने वीज खाल्लीच असती. ती वाचली. म्हणून मागायचा तो फरक. दिवसाच्या दराने ऐंशी युनिट, वजा दहा रात्री स्टोरेज हीटरने जी वीज घेतली असती ती रात्रीच्या दराने. आधीच्या बिलावरून आणि मीटरच्या नोंदींवरून हा अंदाज काढता येतो. फरक छोटा निघेल, पण तो नाकारणं समोरच्याला जड जाईल. शिवाय इतक्या दिवसांच्या गैरसोयीची भरपाई हा वेगळा मुद्दा आहे आणि पत्र पोहोचल्यानंतर दुरुस्तीची वाजवी वेळ उलटली की तिची मोजणी सुरू होते.

हे पत्र कुठे पुरत नाही

शेवटी मर्यादा सांगतो. आपण स्वतः विकत आणलेला प्लगचा हीटर बिघडला, तर घरमालकाचा संबंध नाही. हीटर आपल्या हातून तुटला, त्याच्यावर ओले कपडे वाळत घालून तो जळाला, तर दुरुस्ती आपल्यावर येते. स्टोरेज हीटरवर कपडे टाकणं तसंही धोक्याचंच. हीटर चालतो, पण खोलीला पुरत नाही, ही तक्रार अकराव्या कलमात बसत नाही, कारण तिथे बिघाड नाही. तिच्यासाठी घर राहण्यायोग्य असावं हे सांगणारा २०१८ चा वेगळा कायदा आहे आणि कौन्सिलची वर सांगितलेली पद्धत आहे. त्या पत्रात मग तापमानाची वहीच मुख्य पुरावा होते. आणि घरमालक स्वतः राहतो त्याच घरात आपण एक खोली घेऊन राहत असू, तर आपले हक्क बरेच वेगळे असतात. तिथे आधी सल्ला, मग पत्र.

आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी १० जानेवारीचं पत्र ईमेलने पाठवते, छापील प्रत एजंटच्या ऑफिसात देते आणि दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही-तारीख घेते. ती प्रत भाडेकराराच्या फाइलीत ठेवायची आणि घर सोडून अनामत रक्कम परत मिळेपर्यंत जपायची. खिडकीजवळच्या ओलीचे पैसे जूनमध्ये तिच्याच अनामतीतून कापायचा विषय निघाला, तर ती ओल कशामुळे आली आणि घरमालकाला कधी कळवली होती, हे त्याच कागदावर लिहिलेलं आहे.